चिठ्ठीतील चार अक्षरे आणि तिसरा रकाना



बँकेच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला कागद वाचण्याची एक खोड लागते. धनादेश हाती आला, की तो आधी तारीख पाहतो, मग नाव, मग अक्षरी रक्कम, मग अंकी रक्कम आणि शेवटी सही. हा क्रम तो कधी मोडत नाही. निवृत्तीनंतर ही खोड कशाच्या उपयोगी पडेल, असे मला वाटले नव्हते. गेल्या मार्गशीर्षात ती पडली. तीही बँकेच्या कागदावर नव्हे, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर.

माझे थोरले बंधू, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, जळकोटला आडतीच्या दुकानात अजूनही रोज बसतात. रक्तातील साखर फार वाढल्याने त्यांना मोठ्या गावातील एका दवाखान्यात तीन दिवस ठेवावे लागले. घरी सोडताना हाती एक छापील चिठ्ठी दिली गेली. पूर्वीसारखे किड्यामुंग्यांचे अक्षर नव्हते. संगणकावर टंकलेली आणि स्वच्छ अशी चिठ्ठी होती. भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती करून औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असे डॉक्टरांना सांगितले होते. ही चिठ्ठी त्या अपेक्षेत पूर्णपणे बसणारी होती. तिच्यावर चार ओळी होत्या. त्या जशा छापल्या होत्या तशाच येथे देतो, कारण पुढील सारे विवेचन त्या चार ओळींचेच आहे.

```
TAB. METFORMIN SR 500 MG      1-0-1    A/F   30 DAYS
CAP. PANTOPRAZOLE 40 MG +
     DOMPERIDONE SR 30 MG     1-0-0    B/F   10 DAYS
SYR. LACTULOSE                15 ML    HS    10 DAYS
INJ. INSULIN 30/70 (40 IU/ML) 12-0-8 UNITS  B/F  30 DAYS
```

अक्षर न् अक्षर वाचता येत होते. तरीही पाचव्या रात्री साडेअकराच्या सुमारास अण्णांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे अडखळू लागले. सूनबाईंनी प्रसंगावधान राखून बोटातून थेंब काढून यंत्रावर साखर मोजली. ती बावन्न भरली. सत्तरच्या खाली साखर गेली की ती धोक्याची पातळी मानतात. वाचता येणे आणि समजणे यांत किती अंतर असते, ते त्या रात्री आमच्या घराला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती चिठ्ठी आणि औषधांची पिशवी घेऊन बसलो आणि शाखेत वर्षअखेरीस शिल्लक तपासावी तशी एकेक ओळ तपासली. तीच तपासणी वाचकांसमोर मांडतो. मी वैद्य नव्हे. औषध कोणते द्यावे, किती द्यावे, हा डॉक्टरांचा अधिकार आहे. दिलेला कागद बरोबर वाचणे एवढेच आपले काम आहे आणि ते आपल्याला जमू शकते.

पहिले अक्षर म्हणजे चलन

प्रत्येक ओळीच्या आरंभी एक तोकडा शब्द असतो. टॅब म्हणजे टॅब्लेट, गोळी. कॅप म्हणजे कॅप्सूल. सिर म्हणजे सिरप, पातळ औषध. इंज म्हणजे इंजेक्शन, सुई. एवढे बहुतेकांना ठाऊक असते आणि म्हणूनच त्यावरून नजर पुढे सरकते. परंतु हा शब्द केवळ औषधाचे रूप सांगत नाही. पुढे येणारे आकडे कशात मोजायचे, हेही तोच सांगतो. रकमेच्या आधी रुपयाचे चिन्ह आहे की डॉलरचे, यावर जसा साऱ्या आकड्याचा अर्थ ठरतो, तसेच हे आहे.

टॅब किंवा कॅपच्या ओळीतील एक म्हणजे एक नग. सिरपच्या ओळीतील आकडा मिलिलिटरचा असतो. इन्सुलिनच्या इंजेक्शनच्या ओळीतील आकडा युनिटचा असतो, आणि युनिट म्हणजे मिलिलिटर नव्हे. एकाच चिठ्ठीवर तीन निरनिराळी चलने असतात. आपण मात्र सर्व आकडे एकाच चलनात वाचत जातो.

त्यापुढे औषधाचे नाव आणि त्याची ताकद असते. मग तीन रकाने असतात, पहिला सकाळचा, दुसरा दुपारचा आणि तिसरा रात्रीचा. एक-शून्य-एक म्हणजे सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक. त्यानंतर जेवणाशी असलेला संबंध येतो. ए/एफ म्हणजे जेवणानंतर आणि बी/एफ म्हणजे जेवणापूर्वी. एचएस ही लॅटिनमधून आलेली अक्षरे असून त्यांचा अर्थ झोपण्याच्या वेळी असा आहे. क्वचित तेथे एसओएस असेही छापलेले असते. त्याचा अर्थ गरज पडली तरच, रोज नव्हे. शेवटी दिवसांची संख्या येते. ओळ येथे पुरी होते.

टॅब : गोळी फोडावी की नाही

पहिल्या ओळीतील गोळी आमच्याकडे बरोबर दिली जात होती. सकाळच्या आणि संध्याकाळच्या जेवणानंतर एकेक. पाच दिवसांत दहा गोळ्या जायला हव्या होत्या, आणि दहांची एक पट्टी बरोबर रिकामी झाली होती. तपासणीत जुळलेली ही एकच ओळ.

मात्र वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, गोळी फार मोठी आहे, यांच्या घशाखाली उतरत नाही. उद्यापासून खलबत्त्यात कुटून पाण्यातून देऊ का?" प्रश्न वेळेवर विचारला गेला, हे आमचे भाग्य. औषधाच्या नावापुढे जी दोन अक्षरे आहेत, एसआर, त्यांचा अर्थ औषध हळूहळू सुटणारे असा होतो. अशी गोळी विशिष्ट पदार्थांत बांधलेली असते आणि पोटात गेल्यावर काही तासांत थोडी थोडी विरघळते. ती कुटली, तर तिची बांधणीच मोडते आणि सहा-आठ तासांचा माल एकदम मोकळा होतो. या औषधाच्या बाबतीत त्यामुळे मळमळ आणि जुलाब वाढतात. काही हृदयविकाराच्या वा रक्तदाबाच्या औषधांच्या बाबतीत परिणाम याहून गंभीर होऊ शकतो. ईआर, एक्सआर, सीआर, पीआर ही अक्षरेही याच कुळातील आहेत. ती दिसली, की गोळी कुटू नये आणि चावूही नये. मध्ये खाच असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल, तरच अर्धी करावी.

याउलट डीटी ही अक्षरे असतील, तर ती गोळी पाण्यात विरघळवूनच घेण्यासाठी केलेली असते. एमडी असेल तर ती जिभेवर आपोआप विरघळते. गिळणे कठीण होत असेल तर कुटण्याऐवजी डॉक्टरांना तसे सांगावे. पुष्कळदा तेच औषध लहान गोळीत, विरघळणाऱ्या गोळीत किंवा पातळ स्वरूपात मिळते. मोठी गोळी अडकते, हे न सांगता ती घरी फोडत बसणे हा उपाय नव्हे.

कॅप : आपल्या घरातील खास अडचण

दुसऱ्या ओळीतील कॅप्सूल पाच जायला हव्या होत्या. पट्टीतून पाच गेल्याही होत्या. परंतु कपाटातील एका डबीत मला पाच रिकामी टरफले सापडली. अण्णा शांतपणे म्हणाले, "वरचे कवच जिलेटिनचे असते, असे ऐकले होते. म्हणून आतले दाणे काढून दुधात घालून चावून खाल्ले. कवच पोटात घालणे मनाला पटेना."

अण्णांचे ऐकणे खोटे नव्हते. बहुसंख्य कॅप्सूलची कवचे जिलेटिनची असतात, आणि जिलेटिन हे जनावरांच्या हाडांतील व कातड्यातील कोलॅजनपासून तयार होते. वनस्पतींच्या सेल्युलोजपासून केलेली कवचेही असतात आणि काही कंपन्या ती वापरतात. मात्र खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर जे हिरवे-तपकिरी चिन्ह पाहण्याची आपल्याला सवय आहे, ते औषधांच्या वेष्टनावर बंधनकारक नाही. त्यामुळे पट्टीकडे पाहून कवच कशाचे आहे हे बहुधा कळत नाही. वेष्टनावर सेल्युलोज कवचाचा स्पष्ट उल्लेख असेल, तरच खात्री धरावी.

परंतु अण्णांनी काढलेला मार्ग औषधाच्या मुळावर येणारा होता. त्या कॅप्सूलमधले बारीक दाणे नुसती भुकटी नसतात. त्यांतील पॅन्टोप्राझोल हे द्रव्य पोटातील आम्लात टिकत नाही, म्हणून त्या दाण्यांवर आम्लाला दाद न देणारा लेप दिलेला असतो. दाणा अखंड राहिला तर तो पोट ओलांडून आतड्यात पोहोचतो आणि तेथे उघडतो. दाणे चावले की लेप फुटतो आणि औषध जेथे नको तेथेच नष्ट होते. दुसरे द्रव्य सावकाश सुटावे म्हणून बांधलेले असते, ते एकदम सुटते. म्हणजे कवचही टाकले गेले आणि औषधाचा पुष्कळसा भागही वाया गेला. पाच दिवस पैसे भरून अण्णांनी जळजळ तशीच सोसली.

यावर सरळ मार्ग असा, की कॅप हे अक्षर दिसताच दवाखान्यातच विचारावे, "डॉक्टरसाहेब, आम्ही जिलेटिन घेत नाही. हेच औषध गोळीत मिळेल का?" पॅन्टोप्राझोल गोळीच्या रूपात सर्रास मिळते. ती लेप दिलेली गोळीही फोडायची नसतेच, पण तिला कवचाची गरज नसते. अण्णांच्या डॉक्टरांनी विचारल्यावर एका मिनिटात ओळ बदलून दिली. मात्र हा बदल डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. मेडिकल दुकानदाराच्या भरवशावर तो करू नये. चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या जागी दुसरे औषध परस्पर देण्याची मुभा कायद्याने दुकानदाराला नाही. आणि पर्यायी रूप मिळतच नसेल, तर काय करायचे ते औषधाची निकड पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावे. गुपचूप कवच काढणे हा त्यावरचा तोडगा नव्हे.

सिर : चमचा हे माप नव्हे

तिसऱ्या ओळीतील बाटली सील न फोडता तशीच ठेवलेली होती. पोट साफ होण्यासाठी दिलेले ते औषध झोपताना, म्हणजे एचएस, घ्यायचे होते. अण्णांचा रात्रिभोजनत्यागाचा नियम तरुणपणापासूनचा आहे. सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नाहीत. त्यामुळे झोपताना औषध घ्यायचे म्हटल्यावर त्यांनी ते घेतलेच नाही आणि कोणाला सांगितलेही नाही. घरच्यांनी समजून घेतले की हे नंतर घेतील. पाच दिवस एक ओळ चिठ्ठीवर असून नसल्यासारखी राहिली.

डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "हे औषध झोपतानाच हवे असे मुळीच नाही. सकाळच्या नाश्त्याबरोबर घ्या. पण रोज घ्या." काही औषधांच्या बाबतीत झोपतानाची वेळ खरोखर महत्त्वाची असते, काहींच्या बाबतीत ती केवळ सोयीची असते. कोणती वेळ कोणत्या प्रकारची, हे कागदावर कधीच छापलेले नसते. ते विचारूनच कळते.

सिरपच्या ओळीचा खरा धोका मात्र घरातील लहान मुलांना असतो, म्हणून दोन शब्द त्याविषयी. औषधाचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर. आपल्या स्वयंपाकघरातील चमचे कोणी त्या मापाने घडवलेले नसतात. कोणात तीन मावते, कोणात आठ. बाटलीबरोबर येणारे रेघा असलेले झाकण किंवा पिचकारी हेच माप. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की नाव तेच असले तरी ताकद निराळी असू शकते. तापाचे पॅरासिटामॉल पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असेही मिळते आणि २५० मिलिग्रॅम असेही मिळते. तान्ह्या बाळांसाठी थेंबांच्या बाटलीत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे पहिल्या बाटलीचे एक झाकण, पाच मिलिलिटर, दिले तर १२५ मिलिग्रॅम जाते. तेवढेच पाच मिलिलिटर चुकून थेंबांच्या बाटलीतून दिले तर ५०० मिलिग्रॅम जाते, म्हणजे चौपट. थेंबांची बाटली लहान असते, म्हणून तिच्यातील औषध सौम्य असावे असा समज होतो. प्रत्यक्षात ती सर्वांत तीव्र असते. तेव्हा चिठ्ठीवरील ताकद आणि बाटलीवरील ताकद शब्दशः जुळते का, हे पाहिल्याशिवाय पहिला थेंब देऊ नये. मागच्या वेळची उरलेली बाटली नव्या चिठ्ठीवरून वापरताना तर मुळीच नाही.

इंज : त्या रात्रीचे कारण

आता चौथी ओळ. सकाळी बारा युनिट, रात्री आठ युनिट आणि पुढे बी/एफ. मला, बँकेच्या माणसाला, ही दोन अक्षरे पाहताच मागील पानावरून पुढे ओढलेली बाकी आठवते. सूनबाईंना त्यांत दुसरेच दिसले. त्यांनी बी/एफ म्हणजे ब्रेकफास्ट असे वाचले. म्हणून सकाळचे बारा युनिट नाश्त्यापूर्वी अचूक दिले. रात्रीच्या आठ युनिटांचा जेवणाशी काही संबंध आहे, हे त्यांच्या वाचनात कोठेच आले नाही. तिसरा रकाना म्हणजे रात्र, आणि रात्र म्हणजे सारे आवरून झाल्यावर, नऊ वाजता.

अण्णा तर पावणेसहाला, सूर्य मावळण्यापूर्वी, जेवून उठलेले. सुईने नियम मोडत नाही म्हणून त्यांनीही हरकत घेतली नाही. अशा प्रकारे जेवणानंतर तीन तासांनी, पुढे रात्रभर काहीही पोटात जाणार नसताना, आठ युनिट दिले जात होते. तीस-सत्तर हे त्या इन्सुलिनच्या मिश्रणाचे प्रमाण आहे. तीस टक्के भाग लवकर काम करणारा असतो, त्याचा जोर साधारण दोन ते चार तासांत चढतो. सत्तर टक्के भाग सावकाश काम करतो. नऊला दिलेल्या इन्सुलिनचा पहिला जोर अकरानंतर चढला, आणि त्याला सामोरे जायला पोटात अन्न नव्हते. पहिल्या चार रात्री साखर मुळात फार चढलेली होती, म्हणून निभावले. पाचव्या रात्री निभावले नाही.

त्या रात्रीचा सर्वांत कठीण क्षण सांगितलाच पाहिजे. साखर कमी झाल्याचे कळताच सूनबाईंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून आणली. अण्णांनी मान फिरवली. "सूर्योदयाला पाहू," म्हणाले. वहिनी त्यांच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "नियमात आजारपणाचा आगार असतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलेत. आता घ्या. सकाळी महाराजसाहेबांना सांगू." अण्णांनी पेला घेतला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तर साखर एकोणऐंशी होती. मग थोडे दूध-पोहे दिले आणि आम्ही पहाटेपर्यंत जागे राहिलो. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तरच तोंडाने साखर द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तत्काळ दवाखाना गाठावा.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पावणेसहाला जेवता, हे मला कोणी सांगितलेच नाही. मी आठचे जेवण धरून लिहिले." त्यांनी संध्याकाळचे युनिट कमी केले, सुई जेवणाच्या अर्ध्या तासापूर्वी, म्हणजे सव्वापाचला, द्यायला सांगितले आणि पहिला आठवडा झोपण्यापूर्वी व पहाटे साखर मोजून वहीत लिहायला लावली. संध्याकाळचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत चौदा-चौदा तासांचे अंतर पडते, हे त्यांनी मुद्दाम लिहून घेतले.

तिसरा रकाना म्हणजे घड्याळातली वेळ नव्हे. बी/एफ आणि ए/एफ या अक्षरांसह तो वाचला, तर त्याचा अर्थ संध्याकाळच्या जेवणाजवळ असा होतो. ज्या घरात ते जेवण सूर्यास्तापूर्वी होते, तेथे तिसरा रकानाही सूर्यास्तापूर्वी सरकतो. पण तो सरकवताना औषधाचे प्रमाणही बदलावे लागू शकते. तो बदल आपण घरी करायचा नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास वा पर्युषण येण्याआधी हे बोलून ठेवलेच पाहिजे.

याच ओळीतील दुसरी गोष्ट कंसातील आकड्याची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. आपल्याकडे इन्सुलिन ४० चेही मिळते आणि १०० चेही. ४० च्या कुपीसाठी लाल टोपणाची पिचकारी असते आणि १०० च्या कुपीसाठी केशरी टोपणाची. दोन्हींवरील रेघा वेगळ्या अंतरावर असतात. १०० च्या कुपीतून लाल टोपणाच्या पिचकारीने बाराच्या रेघेपर्यंत इन्सुलिन घेतले, तर शरीरात बारा नव्हे, तीस युनिट जातात. उलट ४० च्या कुपीतून केशरी पिचकारीने घेतले, तर पाचही जात नाहीत. आमच्या घरी कुपी आणि पिचकारी दोन्ही चाळीसची होती, ते एक बरे झाले. परंतु पिचकाऱ्या संपल्या की दुकानातून "इन्सुलिनची सुई द्या" एवढेच सांगून आणण्याची पद्धत होती. आता रिकामी कुपी दाखवल्याशिवाय पिचकारी आणायची नाही, असे ठरवले आहे. पेनात बसणारी नळी बहुधा १०० ची असते. तिच्यातून लाल पिचकारीने औषध ओढू नये.

बेरीज जुळवून पाहावी

शेवटी व्यापारी घरांना सर्वांत सोपी वाटेल अशी तपासणी. चिठ्ठी घेऊन दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येक ओळीचा गुणाकार करावा. रोज दोन गोळ्या, तीस दिवस, म्हणजे साठ गोळ्या. दहांच्या सहा पट्ट्या वा पंधरांच्या चार. कॅप्सूल दहा. सिरप रोज पंधरा मिलिलिटर, दहा दिवस, म्हणजे दीडशे मिलिलिटर. शंभराची एक बाटली पुरणार नाही. इन्सुलिन रोज वीस युनिट, तीस दिवस, म्हणजे सहाशे युनिट. दहा मिलिलिटरच्या चाळीसच्या कुपीत चारशे युनिट असतात, म्हणून एक कुपी वीस दिवस पुरेल आणि दोन लागतील. दुकानदाराच्या बिलातील आकडे याशी जुळले नाहीत, तर कोणीतरी काहीतरी वेगळे वाचले आहे. तो कोण, हे तेथल्या तेथे विचारावे. दर आठवड्याला उरलेला माल मोजला, की कोणती ओळ पाळली जात नाही हेही कळते. अण्णांची सीलबंद बाटली दुसऱ्याच दिवशी दिसायला हवी होती. आम्ही मोजले नाही म्हणून ती पाच दिवस दिसली नाही.

आता आमच्या घरी दवाखान्यातून आलेल्या प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीमागे सूनबाई मराठीत चार ओळी लिहितात. औषधाचे रूप, किती, घड्याळात किती वाजता आणि जेवणाच्या आधी की नंतर. लिहून झाले की त्या तो कागद डॉक्टरांना किंवा त्यांच्या मदतनिसाला वाचून दाखवतात आणि मगच उठतात. मागच्या महिन्यात एका ओळीपाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, येथे बी/एफ आहे. मी जेवणापूर्वी असे लिहिले आहे, ब्रेकफास्ट नाही. तरी विचारून घेते."

अण्णा दुकानात बसतात. संध्याकाळी पाच वाजता मुनीमजी त्यांना उठवतात. सव्वापाचला सुई, पावणेसहाला जेवण. अण्णा आता गल्ला मोजून होण्याची वाट पाहत नाहीत. आडतीच्या धंद्यात वयाची पन्नास वर्षे गेलेल्या माणसाने हे मान्य करणे सोपे नव्हते, पण त्यांनी ते केले.